पिक्सेल शिफ्ट: आठ महिने, आत्याची पैठणी आणि कोकणकडा

आत्याच्या पैठणीचा पदर नीट टिपून ठेवायचा होता. साध्या फोटोत जरीवर दर वेळी हिरव्या-जांभळ्या पट्ट्या उमटायच्या. साडीत नसलेले रंग फोटोत दिसत होते आणि काही केल्या जात नव्हते. त्यासाठी मी कॅमेऱ्यातला हाय रिझोल्यूशन मोड पहिल्यांदा गंभीरपणे वापरायला घेतला. त्याला आता आठ महिने झाले. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा फुलफ्रेम मिररलेस आहे. या मोडमध्ये तो लागोपाठ आठ फ्रेम घेतो आणि स्वतःच जोडून 96 मेगापिक्सेलची एक फाईल देतो. काही कॅमेऱ्यांत हे जोडकाम संगणकावर करावं लागतं.

सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे हिरवा मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरले जातात. जरीसारखं बारीक, चमकतं विणकाम आलं की हा अंदाज फसतो आणि खोटे रंग येतात. या मोडमागचं तंत्र म्हणजे पिक्सेल शिफ्ट. त्यात हाताचे हादरे सावरणारी स्टॅबिलायझेशनची यंत्रणा सेन्सरला एकेक पिक्सेल सरकवते, त्यामुळे चार फ्रेममध्ये प्रत्येक जागेवर लाल, हिरवा, निळा तिन्ही खरोखर मोजले जातात. पुढच्या चार फ्रेम अर्ध्या पिक्सेलच्या अंतरावर घेतल्या जातात, म्हणून तपशील वाढतो.

जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठा छापतात, पण माझ्या मते खरी कमाई पहिल्या चार फ्रेमची आहे. 96 मेगापिक्सेल म्हणजे चौपट तपशील, असं होत नाही. पिक्सेलचा आकार तोच राहतो, फक्त त्यांची मापं एकमेकांवर चढतात. माझ्या डोळ्याला बारीक रेषा साधारण दीडपट बारीक दिसते, दुप्पट नाही. खोटे रंग मात्र जवळपास नाहीसे होतात आणि आठ वेळा प्रकाश गोळा झाल्यामुळे काठाच्या गडद रंगातला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, खूप कमी होतो.

हे सगळं मिळायला मला दोन महिने लागले. सुरुवातीला पदर पडद्याच्या दांडीवर टांगला, ट्रायपॉड भक्कम रोवला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. तरी शंभर टक्क्यांवर झूम केल्यावर मोराच्या कडांवर बारीक चौकटींची जाळी दिसायची. मला वाटलं ट्रायपॉड हलतोय. मग लक्षात आलं की दांडीजवळचा भाग स्वच्छ आहे आणि जाळी खाली खाली वाढत जाते. कॅमेरा हलला असता तर जाळी सगळीकडे असती. हलत होता तो पदराचा मोकळा भाग.

हिशोब केला तेव्हा हे किती नाजूक आहे ते कळलं. माझ्या फ्रेममध्ये रुंदीत 90 सेंटीमीटर कापड येत होतं आणि सेन्सर 6000 पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एका पिक्सेलला 0.15 मिलिमीटर कापड आणि अर्ध्या पिक्सेलला 0.075 मिलिमीटर, म्हणजे एका केसाची जाडी. दोन फ्रेमच्या मध्ये पदर केसभर सरकला की कॅमेऱ्याने मुद्दाम दिलेलं अर्ध्या पिक्सेलचं सरकणं निरर्थक होतं. बंद खोलीत माझ्या नुसत्या चालण्याने उठणाऱ्या हवेलाही एवढं जमतं.

शेवटी प्लायवूडच्या फळीवर पांढरी सुती चादर ताणली, फळी भिंतीला तिरकी टेकवली आणि पदर त्यावर पसरला. सुती कापडाच्या पकडीमुळे रेशीम जागचं हलेना. कॅमेरा फळीला समांतर केला, ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण खाली घेतला, टायमर दहा सेकंदांचा लावला आणि तेवढा वेळ मी खुर्चीत स्तब्ध बसून राहिले. फरशीवरून चाललं तरी फ्रेम बिघडते, हे मी तीनदा तपासून पाहिलं आहे.

लेन्सचं छिद्र एफ 5.6 वर ठेवते. एफ 11 च्या बारीक छिद्रात डिफ्रॅक्शनमुळे प्रकाशाचा प्रत्येक बिंदू इतका पसरतो की जादा मोजमापांना पकडायला काही उरत नाही. तिथे 96 ची फाईल ही 24 ची फुगवलेली फाईल वाटते.

प्रकाशाने वेगळाच त्रास दिला. स्वस्त एलईडी पॅनल आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतं आणि या मोडमध्ये शटर इलेक्ट्रॉनिकच असतं. वेगवान शटरला आडवे पट्टे आलेच, शिवाय आठ फ्रेमचा उजेड एकमेकांशी जुळेना म्हणून काहीही न हलता जाळी आली. शटर अर्ध्या सेकंदावर नेल्यावर दोन्ही गेलं. खिडकीच्या उजेडातही ढग सरकताना असंच होतं. त्यामुळे जाळी कडांवरच आहे की सपाट रंगावरही, हे मी आधी बघते. फक्त कडांवर असेल तर हालचाल, सपाट भागावरही असेल तर बहुधा उजेड.

घराबाहेरची गोष्ट निराळी. नोव्हेंबरात हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा फोटो या मोडमध्ये काढायचा, असं ठरवून गेले होते. पहाटे वारा पडलेला असताना कड्याचा कातळ अप्रतिम आला, खडकाच्या थरांतल्या भेगा मोजता येत होत्या. पण पुढच्या वाळक्या गवताचं प्रत्येक पातं आठ ठिकाणी तुटून आलं. खालच्या दरीतल्या धुक्याला पायऱ्या पडल्या. हालचाल सुधारणारा पर्याय चालू केला तर कॅमेरा हललेल्या भागात आठऐवजी एकाच फ्रेमची माहिती वापरतो. भुतासारखी दुहेरी पाती गेली, पण तिथला तपशील साध्या फोटोइतकाच उरला. परिणामी कातळ कोरीव आणि त्याच्या पायाशी गवत मऊ, पिठूळ. मोठ्या प्रिंटवर ती सीमारेषा डोळ्यांत सलते. ऊन चढल्यावर तर लांबचा कातळही बिघडला, कारण दरीतली तापलेली हवाच थरथरत होती. तिथे ट्रायपॉड कितीही जड असला तरी उपयोग नाही.

डोंगरात आता मी हा मोड वापरत नाही. कॅमेरा उभा धरून 50 मिलिमीटरच्या लेन्सने चार-पाच फ्रेम घेते आणि पॅनोरमा जोडते. गवत प्रत्येक फ्रेममध्ये एकदाच टिपलं जातं, म्हणून ते सबंध राहतं, आणि पिक्सेलही भरपूर मिळतात. हातात धरून काढायचे हाय रिझोल्यूशन मोडही आता काही कॅमेऱ्यांत आहेत. त्यांत हाताच्या थरथरीचाच सरकण्यासाठी उपयोग केला जातो. पण हललेल्या पानाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

माझ्यासारखं कापड, जुनी कागदपत्रं, चित्रं टिपायची असतील तर हा मोड असलेला कॅमेरा जरूर घ्या. फक्त निसर्गचित्रणासाठी यावर जादा पैसे घालू नका. फाईल दीडशे एमबीच्या वर जाते, तेव्हा हार्डडिस्कचा खर्चही धरा. आणि प्रत्येक वेळी एक साधी फ्रेमही काढून ठेवा. जाळी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दिसत नाही, घरी आल्यावरच कळते.

पदराची अंतिम फाईल आत्याला लॅपटॉपवर दाखवली. खोटे रंग नव्हते, जरीची तार न्‌ तार सुटी दिसत होती. मी नक्षीतल्या एका मुनियेवर झूम केलं तेव्हा तिने पडद्यावर बोट ठेवलं. “अगं, हे रफू माझ्या आईच्या हातचं.” साध्या फोटोत तिथे नुसता हिरवा ठिपका होता. आता वेगळ्या छटेचे सात टाके दिसत होते.