पुण्याचं बिल आणि मुंबईचं बिल: आकडा येतो कुठून?

म्हापसा-पणजीकडच्या बऱ्याच घरांचा एखादा फ्लॅट पुण्यात नाहीतर मुंबईत असतो, आणि दोन्हीकडची मालमत्ता कराची बिलं एकाच पद्धतीने वाचली की घोळ होतो.

पुण्यात कर मोजायचा पाया भाड्याचा. महापालिकेने महिना ५,००० भाडं धरलं तर वर्षाचे ६०,०००, स्वतः राहत असाल तर त्यातले ४० टक्के वजा म्हणजे ३६,०००, मग देखभालीचे १० टक्के काढून ३२,४०० हे करपात्र मूल्य. हाच आकडा ५४,००० दिसला तर समजा ४० टक्क्यांची सवलत लागलेलीच नाही, मग पीटी-३ फॉर्म भरायचा. फ्लॅट भाड्याने दिलाय तर मात्र ५४,०००च बरोबर, भांडू नका!

मुंबईत २०१० पासून पाया भांडवली मूल्याचा, म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा दर, कार्पेट एरिया, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय यांवरून काढलेली किंमत. तिथे भाड्याचा आकडा शोधत बसू नका, एरिया आणि वय तपासा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे एरिया चुकून थोडा जास्त लागला तरी पूर्ण बिल येतं.

सामान्य कर, पाणी, मलनिस्सारण, शिक्षण उपकर या ओळी दोन्हीकडे मुख्यतः पायावरूनच ठरतात, म्हणून आधी पाया बघा. मला पुण्याचं बिल पडताळायला सोपं वाटतं.