लर्निंगवाला युनिव्हर्सल रिमोट: उन्हाळ्यापासून वापरतोय, काय जमलं काय नाही

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि साउंडबार, तिघांचे तीन रिमोट, आणि घरात आण्णांना आवाज कमी करायचा तरी कुठला उचलायचा ते कळत नव्हतं, म्हणून नव्या पेठेतून लर्निंगवाला, म्हणजे दुसऱ्या रिमोटची बटणं शिकून घेणारा, रिमोट आणला. टीव्ही आणि बॉक्सचे कोड त्याच्या लिस्टमध्येच मिळाले, साउंडबारचा नाही, मग तो शिकवावा लागला. त्यासाठी दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवायचे, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर, खिडकीतनं थेट ऊन येत नाही अशा जागी, आणि जुन्या रिमोटचं बटण पटकन दाबून सोडायचं. दाबून धरलं तर काही रिमोट पुन्हा पुन्हा जाणारा सिग्नलपण साठवतात, मग एकदा दाबलं की आवाज तीन-चार पायऱ्या उडी मारतो. असं झालं तर तेवढंच बटण परत शिकवा, बाकी काही हलवू नका.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे व्हॉल्यूम लॉक. रिमोट बॉक्सच्या मोडमध्ये असला तरी व्हॉल्यूम आणि म्यूट कायम साउंडबारलाच जातं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्याचा स्पीकर बंद केला, आता आण्णा चॅनेल बदलतात आणि आवाजपण त्याच हातानं करतात, मोडचं बटण बघतसुद्धा नाहीत.

खरी डोकेदुखी एका बटणात सगळं चालू करण्याची. आमच्याकडच्या तिन्हीचं पॉवर बटण एकच, चालू असेल तर बंद करतं, बंद असेल तर चालू. इकडं सोलापुरात लाईट जाते येते, आणि लाईट आली की बॉक्स आपोआप चालू होतो पण टीव्ही स्टँडबायवरच राहतो. मग ऑल पॉवर दाबलं की टीव्ही चालू, बॉक्स बंद, स्क्रीनवर 'नो सिग्नल', आणि परत दाबलं तर उलटं! सेल गेले असं सगळ्यांना वाटतं पण सेलचा काही संबंध नाही.

यावर मी साउंडबार त्या ऑल पॉवरच्या बटणातून काढूनच टाकला. तो टीव्हीच्या ARC लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला जोडला, दोन्हीकडं CEC, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून एकानं दुसऱ्याला चालू-बंद करायची सोय, चालू केली, आता टीव्हीबरोबर तो आपोआप चालू-बंद होतो. राहिले दोनच, त्यांची पॉवर वेगवेगळ्या बटणांवर ठेवली, त्यामुळं जो बंद दिसतो तेवढाच चालू करायचा. एका बटणाची हौस सोडली पण घरात भांडण नाही.

घेणार असाल तर आधी आपला जुना रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून एकेक बटण दाबा. पुढचा बल्ब जांभळट लुकलुकला तर ते बटण शिकवता येईल. आमच्या भाचीच्या बॉक्सचा आवाजानं शोधायचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यात फक्त पॉवर आणि व्हॉल्यूमला बल्ब लुकलुकला, बाकी बटणं या रिमोटला शिकवता आलीच नाहीत.