आठ महिने वापरल्यावर: बाही आखूड नव्हतीच, शर्ट पाठीत अडत होता

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर ऑफिससाठी ऑनलाइन फॉर्मल शर्ट मागवायला सुरुवात केली. त्या दिवसांत आमच्या रत्नागिरीच्या नेहमीच्या टेलरकडे डोकं वर काढायला फुरसत नसते. शिवाय नवा शर्ट घ्यायचा आणि वर आल्टरेशनला पुन्हा पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. तेव्हा शर्ट पिशवीतून काढला की अंगात बसला पाहिजे, एवढीच अट होती.

पहिल्यांदा एकच मागवला आणि तिथेच चुकलो. कंठमण्याच्या खाली, जिथे कॉलर टेकते तिथे टेप फिरवली, तर गळा भरला सव्वापंधरा इंच, म्हणजे ३८.७ सेंटिमीटर. म्हणून ३९ घेतला. पण लेबलवरचा हा आकडा कॉलरचा असतो, बटणापासून काजाच्या मध्यापर्यंतचा. त्यात गळ्याला हलायला जागा धरलेली नसते. पाच-सहा धुण्यांनंतर कॉलर मोजली तर ३८.२ भरली. सुती कापड आटलं होतं आणि वरचं बटण लावलं की गिळायला त्रास होत होता. धुतलेला शर्ट कंपनी परत घेत नाही, तो चुलतभावाला देऊन टाकला. आता उघड्या गळ्याच्या मापात सव्वा सेंटिमीटर मिळवतो. माझं उत्तर ४० येतं, आणि आटून ३९.२ झाली तरी कॉलर बंद होते.

मग ४० नंबरचा स्लिम फिट घेतला. आरशासमोर अगदी झकास, कफ बरोबर मनगटाच्या हाडावर. पण मी पतसंस्थेत काउंटरला बसतो. समोरच्याचं पासबुक घ्यायला हात लांब केला की कफ सरळ दोन-अडीच इंच मागे जायचा. दिवसातून शंभर वेळा बाही ओढून ओढून जीव नकोसा झाला. बाही आखूड आहे म्हणून दोन स्टार देऊन मोकळा झालो. कस्टमर केअरला फोन केला, तर ते म्हणाले ४२ घ्या. ४२ घेतला असता तर कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली असती आणि टाय बांधल्यावर पुढे चुण्या पडल्या असत्या.

तो दोन स्टारचा शेरा मी आता बदलला आहे, कारण बाहीत खोट नव्हती.

आई पूर्वी घरी ब्लाउज शिवायची. तिने मला पाठमोरा उभा केला. मानेच्या मागच्या हाडापासून खांद्याच्या टोकावरून, कोपर जरा वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत टेप धरली. साडेतेहेतीस इंच भरलं. कंपनीच्या तक्त्यात बाही २५ इंच लिहिलेली होती, म्हणून मला ती आखूड वाटत होती. पण तो आकडा खांद्याच्या शिवणीपासूनचा. शर्टाचे खांदे १८ इंच, त्याचे अर्धे ९ मिळवले की ३४ होतात. म्हणजे बाही माझ्या हातापेक्षा अर्धा इंच जास्तच होती, आणि धुऊन आटेल तेवढ्यासाठी ते बरोबरही आहे.

मग तिने मला हात पुढे करायला सांगितलं आणि पाठीवरून बोट फिरवलं. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये कापड ताठ ताणलं होतं. “बाही पुरत्ये रे, पाठ पुरत नाही,” ती म्हणाली. हात पुढे नेला की पाठ रुंद होते. स्लिममध्ये तेवढं कापड नसतं, म्हणून ते बाहीतून ओढलं जातं. मुंढा खाली उतरलेला असेल तर हात वर केल्यावर शर्टही पँटीतून बाहेर येतो.

ओळखायची खूण सोपी आहे. हात खाली सोडलेले असताना कफ वर असेल तर बाही आखूड. हात पुढे केल्यावरच कफ पळत असेल तर पाठ किंवा मुंढा.

तिसरा शर्ट त्याच कंपनीचा, ४० चाच, पण रेग्युलर फिट. माझी छाती ४० इंच. शर्टाची बटणं लावून, सपाट पसरून, काखेपासून काखेपर्यंत मोजून दुप्पट केलं तर स्लिम ४४ भरतो आणि हा ४७. याला पाठीवर दोन चुण्याही आहेत. काउंटरवर हात लांब केला तर कफ इंचभर जातो आणि आपला आपण परत येतो. कफाचं आतलं बटण लावलं की मनगटावर आणखी नीट थांबतो. मे महिन्यातल्या घामात स्लिम पाठीला चिकटून बसतो, याच्यातून वारा तरी जातो. पोटाजवळ थोडं कापड फुगतं, ते मला चालतं.

तक्रार एकच उरली आहे. तक्त्यात गळा, छाती, बाही सगळं देतात, पाठीची रुंदी देत नाहीत. म्हणून नवा शर्ट आला की टॅग न काढता घालतो, खुर्चीत बसतो आणि टेबलापलीकडे हात लांब करून बघतो. पाठ ताणली गेली तर त्याच दिवशी परत.