आठवड्याच्या जेवणाचा प्लॅन: सोलापुरातल्या पाच माणसांच्या घरात काही महिने चालवल्यावर

आमच्या घरी मी, मिस्टर, दोन शाळेतली पोरं आणि सासूबाई. मी सकाळी साडेनऊला कामावर जाते आणि संध्याकाळी साडेसहाला घरात पाय ठेवते, हे आधी सांगते कारण पुढचं सगळं यावरच आहे. ननंदबाईंनी करून दिलेला आठवड्याचा तक्ता पावसाळ्यापासून फ्रीजवर चिकटवलाय, आता उन्हाळा लागलाय. प्लॅन चांगला आहे, मी तो सोडणार नाहीये, पण जसाच्या तसा चालत नाही आणि कुठे चालत नाही ते लिहिते.

पहिली गोष्ट डाळीची. तक्ता बघितला की रोज डाळ दिसते, म्हणून वाटतं प्रोटीनचं काम झालं. पण पदार्थाचं नाव बघून काही कळत नाही, डाळ शिजवायच्या आधी काट्यावर ठेवावी लागते. आमच्या वाटीत काठोकाठ तूरडाळ १२५ ग्रॅम मावते आणि तेवढ्यात पाच जणांचं वरण होतं, म्हणजे माणशी २५ ग्रॅम डाळ, आणि त्यात प्रोटीन जेमतेम साडेपाच ग्रॅम. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे माझ्यासारख्या ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. दिवसभराच्या चार भाकऱ्यांचं पीठ साधारण २२० ग्रॅम भरतं, ज्वारीत दहा टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं म्हणून त्यातून २२ ग्रॅम आले, वरणाचे साडेपाच, दूध-दही मिळून सहा-सात, शेंगाचटणी दोन चमचे म्हणजे चारेक. बेरीज ३८ च्या आसपास येऊन थांबते. बारा ग्रॅम कमी, आणि ताट मात्र भरलेलं दिसतं, पोटही भरलेलं असतं, म्हणून कुणाला कळतच नाही.

ते बारा ग्रॅम कुठून आणायचे तर मी दोन बदल केले. डाळ १२५ ची २०० ग्रॅम केली, म्हणजे वरण पातळ न ठेवता जरा दाट, आणि दिवसातल्या एका जेवणात माणशी ४० ग्रॅम कोरडं कडधान्य, त्यातून नऊ-साडेनऊ ग्रॅम मिळतात. एवढ्यात हिशोब बसतो. आणि डाळ भाकरीसोबतच खायची, कारण ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसीन नावाचा भाग कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यात भरपूर असतो, आपल्या जुन्या लोकांचं भाकरी-आमटीचं जोडणं अगदी बरोबर आहे. सरकारी पोषण संस्थेच्या ताटात तर २००० कॅलरीला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य सांगितलंय, तिथपर्यंत आम्ही अजून रोज पोचत नाही.

आता रिपिटेशन. तक्त्यात सोमवारी वरण, मंगळवारी आमटी, गुरुवारी डाळ-पालक, शनिवारी इडली-सांबार. नावं चार, पण चारही तूरडाळच की! मी एक दिवस प्रत्येक पदार्थाच्या खाली पेन्सिलीने फक्त मुख्य जिन्नस लिहिला तेव्हा तूर चार वेळा आणि बटाटा तीन वेळा निघाला. पोरं "रोज तेच तेच" म्हणतात ते उगाच नाही. आता आमटी मसुरीची, डाळ-पालक मुगाची, शुक्रवारी हुलग्याच्या शेंगोळ्या, बुधवारी मटकी. पण एक सांगते, सगळंच बदलायची गरज नसते. भाकरी आणि शेंगाचटणी रोज असली तरी आमच्याकडे कुणी कंटाळत नाही, कंटाळा भाजीचा आणि कालवणाचा येतो, म्हणून डोकं तिथेच लावायचं.

वेळेचं गणित मात्र तक्त्यात सगळ्यात कच्चं होतं. मंगळवारी संध्याकाळी "भाकरी, मेथीची भाजी, आमटी, वेळ ३० मिनिटं" असं लिहिलेलं. एका तव्यावर एक भाकरी मळून थापून भाजायला मला तीन मिनिटं लागतात, दहा-बारा भाकऱ्या म्हणजे अर्धा-पाऊण तास गेलाच, आणि पीठ आधी मळूनही ठेवता येत नाही कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ठेवलेल्या गोळ्याची भाकरी थापताना कडेने चिरते. मेथीची जुडी निवडायला वीस मिनिटं आणि धुवायला पाणी वेगळं, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे सोलापूरकरांना सांगायला नको. सगळं धरून सव्वा तास. म्हणून आता एकच नियम ठेवलाय: एका संध्याकाळी हाताचं एकच मोठं काम. भाकऱ्या थापायच्या असतील त्या दिवशी पालेभाजी निवडायची नाही, फळभाजी किंवा उसळ करायची. निवडायची भाजी नळाला पाणी येईल त्या दिवसाला बांधलीये, वाराला नाही.

आणि आपली कडक भाकरी! ती या प्लॅनमध्ये नव्हती, मी घातली. सुट्टीच्या दिवशी पातळ थापून कडक वाळवून डब्यात ठेवली की आठवडाभर काही होत नाही, संध्याकाळी नुसती मसुरीची आमटी करायची आणि त्यात चुरायची. बाजूला कच्चा कांदा, कच्ची मेथी नीट धुवून, काकडी. वीस मिनिटांत जेवण तयार. सासूबाईंना दातामुळे चावत नाही म्हणून त्यांची दहा मिनिटं आधी आमटीत भिजत घालते. कच्च्या मेथीवर लिंबू पिळायचं, त्याने पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटं होतं. मिस्टरांचा तो चहा एक तास पुढे ढकलायला मला फार बोलावं लागलं.

मटकीचं एक वेगळंच. तक्त्यात लिहिलं होतं "रात्री भिजवा, दुसऱ्या रात्री बांधा". थंडीत ठीक, पण एप्रिलमध्ये सोलापूर चाळीसच्या वर जातं तेव्हा रातभर बांधलेली मटकी सकाळी बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. असा वास आला तर धुवून वापरायची नाही, सरळ टाकायची. उन्हाळ्यात मी सकाळी भिजवते, संध्याकाळी निथळून बांधते आणि झोपायच्या आधी बारीक टोक दिसलं की फ्रीजमध्ये. मोड लांब व्हायची वाट बघत बसायची गरज नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. तक्त्यात दर गुरुवारी २०० ग्रॅम पनीर होतं. ४०० रुपये किलोने धरलं तर ८० रुपयांत ३६-४० ग्रॅम प्रोटीन, आणि जवळपास तेवढंच प्रोटीन दीडशे ग्रॅम मटकीत वीस-बावीस रुपयांत मिळतं. पनीर पोरांना आवडतं म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ठेवलंय, पण पोषणासाठी दर आठवड्याला घ्यायचं कारण नाही. दुसरं म्हणजे तक्त्यात फ्लॉवर, ढोबळी मिरची अशी नावं घालू नका. मी तिथे "पालेभाजी", "फळभाजी", "शेंगांची भाजी" असं लिहिलंय आणि लक्ष्मी मार्केटला जे स्वस्त आणि ताजं असेल ते त्या जागी बसतं, कारण नाव लिहिलं की महाग असलं तरी आपण तेच शोधत फिरतो.

जे अजून जमलेलं नाही ते भाज्यांचं प्रमाण. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे पाच जणांना दिवसाला दोन किलो भाजी, आमची सव्वा किलोच्या पुढे जात नाही, तीही कच्चं धरून. कुणाच्या घरी नोकरी सांभाळून रोज दोन किलो होत असेल तर कधी निवडता आणि कशात घालता ते लिहा, मला खरंच पाहिजे.