साडेपाचशे शब्दांत अपडाइकचे नियम: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखसंग्रहाच्या प्रस्तावनेत पुस्तक परीक्षणाचे पाच नियम दिले आणि त्यांना एक सहावा, काहीसा सैल नियम जोडला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत पहिल्या कादंबऱ्यांची छोटी परीक्षणे लिहिताना गेले काही महिने मी हे नियम जाणीवपूर्वक पाळत आहे. अपडाइक स्वतः ज्या साप्ताहिकासाठी लिहीत, तिथे परीक्षकाला कित्येक पाने मिळत. माझ्या वाट्याला साडेपाचशे शब्द येतात. एवढ्या जागेत हे नियम कितपत टिकतात, हे पाहण्यासाठी सर्वांत कठीण पुस्तक निवडावे लागते, आणि ते वाईट पुस्तक नव्हे. पहिल्याच कादंबरीत मोठा पल्ला मारू पाहणारे, काही भागांत थक्क करणारे आणि काही भागांत हातचे सुटलेले पुस्तक हीच खरी परीक्षा असते. अशा एका कादंबरीच्या निमित्ताने हा अनुभव मांडतो. कादंबरीचे नाव देत नाही, कारण इथे परीक्षण तिचे नसून नियमांचे आहे.

कादंबरी चारशे पानांच्या आत-बाहेरची. तिच्यात तीन निवेदक आहेत: जमीन मोजणारा एक कर्मचारी, त्याची मुलगी, आणि अनेक वर्षांनंतर त्याची कागदपत्रे चाळणारा एक इतिहासकार. मोजणीच्या कामाचे तपशील, साखळी ओढणारे मजूर, हद्दीच्या दगडावरून होणारी भांडणे हे सारे इतक्या अचूकतेने येते, की वाचक त्या कामाच्या तर्कात शिरतो. मुलीची पत्रे वडिलांच्या नजरेला छेद देतात. इतिहासकाराचा तिसरा भाग मात्र कादंबरीचा तोल बिघडवतो आणि शेवट घाईत येतो.

अपडाइक यांचा पहिला नियम असा, की लेखकाला काय करायचे होते ते समजून घ्यावे आणि जे करण्याचा त्याने प्रयत्नच केला नाही, ते न साधल्याबद्दल त्याला दोष देऊ नये. वापरात हा नियम सर्वांत उपयोगी ठरला, पण त्यात एक अडचण आहे. लेखकाला काय करायचे होते, हे सांगायला मलपृष्ठावरचा मजकूर फार उत्सुक असतो. या कादंबरीचे मलपृष्ठ तिला तीन पिढ्यांची महागाथा म्हणते. ते प्रमाण मानले, तर आजोबांची पिढी जेमतेम दहा पानांत आटोपते हा मोठाच दोष ठरतो. पुस्तकातच उत्तर शोधले, तर वेगळे दिसते: प्रत्येक निवेदक जमिनीच्या त्याच तुकड्याचे स्वतःचे माप देतो, आणि तीन मापे जुळत नाहीत, हा कादंबरीचा खरा डाव आहे. मग आजोबांची दहा पाने दोष उरत नाहीत. मात्र तिसऱ्या भागातला इतिहासकार वडिलांच्याच लयीत बोलू लागतो, हा दोष उलट अधिक गंभीर होतो, कारण तीन मापांच्या डावात तिसरे माप पहिल्याची नक्कल निघाले तर डावच उरत नाही. नियमाचा अर्थ पुष्कळदा सौम्यपणा असा घेतला जातो. प्रत्यक्षात तो कधी दोष माफ करतो, तर कधी वाढवतो.

दुसरा आणि तिसरा नियम अवतरणांविषयी आहेत. वाचकाला स्वतः चव घेता यावी म्हणून निदान एक सलग उतारा द्यावा, आणि आपण केलेल्या वर्णनाला पुस्तकातल्या शब्दांचा, अगदी चार-पाच शब्दांचा का होईना, आधार द्यावा. साडेपाचशे शब्दांत साठ शब्दांचा उतारा म्हणजे एकूण जागेच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक. असमान पुस्तकाच्या बाबतीत हा खर्च अडचणीचा ठरतो, कारण उतारा एकच बसतो आणि कोणता निवडायचा यावरच अर्धा निकाल लागतो. चांगला निवडला तर पुढची तक्रार परीक्षकाची लहर वाटते. वाईट निवडला तर पुढची स्तुती शिष्टाचार वाटते. काही परीक्षणांत दोन्ही पद्धती करून पाहिल्यावर मी सलग उताऱ्याचा नियम सोडला. आता तीस-पस्तीस शब्दांची दोन अवतरणे देतो, शक्यतो एकाच प्रकारच्या प्रसंगांतून. या कादंबरीतून वडिलांनी केलेले एका बांधाचे वर्णन आणि इतिहासकाराने केलेले त्याच बांधाचे वर्णन शेजारी शेजारी ठेवले. दोघांचा आवाज एकच आहे, हे मला वेगळे सिद्ध करावे लागले नाही, आणि वडिलांचे गद्य किती नेमके आहे तेही वाचकाला त्याच जागेत दिसले. प्रकाशनपूर्व प्रतीतून अवतरण घेतले असेल, तर ते छापील प्रतीशी ताडून पाहणे अटळ आहे. अनेकदा नेमके तेच वाक्य बदललेले असते.

चौथा नियम कथानक आटोपते सांगण्याचा आणि शेवट न फोडण्याचा. त्याचा पहिला भाग जागेअभावी आपोआप पाळला जातो. दुसरा भाग मात्र अशा पुस्तकांना जाचक होतो, कारण महत्त्वाकांक्षी पहिली कादंबरी बहुधा शेवटाकडेच ढासळते, आणि जिथे ढासळते तेच सांगायची बंदी असते. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे घटनेऐवजी गतीविषयी बोलणे. ‘सुरुवातीच्या दोन वर्षांना दीडशे पाने देणारी ही कादंबरी अखेरची वीस वर्षे साठ पानांत उरकते, आणि त्या साठ पानांत माणसे निर्णय घेताना दिसत नाहीत, त्यांनी घेतलेले निर्णय आपल्याला कळवले जातात,’ असे लिहिले तर एकही घटना उघड होत नाही. दोष मात्र तपासता येईल इतका स्पष्ट होतो. ‘शेवट फसला आहे’ या तीन शब्दांपेक्षा हे अधिक जागा खाते, पण लेखकाला आणि वाचकाला दोघांनाही त्याची शहानिशा करता येते.

पाचव्या नियमात दोन गोष्टी आहेत. पुस्तक कमी पडले असे वाटले तर त्याच वाटेने गेलेले यशस्वी उदाहरण द्यावे, लेखकाच्याच साहित्यातले किंवा अन्य कोणाचे. पहिल्या कादंबरीला मागचे साहित्यच नसते, म्हणून उदाहरण दुसऱ्याचे द्यावे लागते, आणि दुसऱ्याचे म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या मान्यवराच्या पन्नाशीतल्या पुस्तकाचे. ही तुलना लहान जागेत समजावता येत नाही, नुसतीच आदळते. मी ती टाळतो आणि यशस्वी उदाहरण त्याच कादंबरीतून घेतो. जी कादंबरी असमान आहे, तिच्यात काय साधता आले असते याचा पुरावा तिच्याच चांगल्या प्रकरणांत असतो. मुलीच्या पत्रांत लेखकाने वेगळा आवाज उभा केला आहे, म्हणजे आवाज वेगळा करणे त्याला जमते, आणि म्हणूनच इतिहासकाराच्या भागात ते झाले नाही हे नोंदवण्याजोगे ठरते. लेखकाला त्याच्याच मापाने मोजले, की तक्रार उपऱ्यासारखी राहत नाही.

याच नियमाच्या शेवटी अपडाइक विचारतात, की हे अपयश लेखकाचेच आहे, तुमचे नाही, याची खात्री आहे का? या प्रश्नासाठी मी एक साधी सवय लावून घेतली. वाचताना जिथे लक्ष उडाले तिथे समासात पेन्सिलीने रेघ ओढायची, कारण लिहायचे नाही. संपूर्ण वाचून झाल्यावर रेघा कुठे दाटल्या आहेत ते पाहायचे, आणि त्यातली वीस-तीस पाने काही दिवसांनी, ताज्या डोक्याने, पुन्हा वाचायची. अवघड पान दुसऱ्या वाचनात सुटते, आणि फसलेले पान दुसऱ्या वाचनात अधिकच फसलेले दिसते. या कादंबरीत दोन ठिकाणी रेघा दाटल्या होत्या. पहिले ठिकाण मोजणीच्या परिभाषेने भरलेले दुसरे प्रकरण होते. पुनर्वाचनात ते कादंबरीचा कणा ठरले आणि त्यावरच्या रेघा मी खोडल्या. इतिहासकाराचा भाग दुसऱ्यांदा वाचताना मात्र प्रत्येक परिच्छेदाचा शेवट आधीच ओळखता येऊ लागला. मुदत जवळ असेल तर ही पायरी गळते, आणि अशा परीक्षणांत अवघड भागालाच कंटाळवाणा म्हटले जाण्याचा धोका राहतो. माझ्या दृष्टीने या नियमांचा निम्मा फायदा या एका प्रश्नात आहे.

सहाव्या नियमाविषयी थोडेच. मैत्रीमुळे आवडणे भाग आहे किंवा आधीच नावडते आहे असे पुस्तक घेऊ नये, आणि परीक्षण पुस्तकाचे करावे, लौकिकाचे नव्हे, असे तो सांगतो. नवोदिताला लौकिक नसतो हे खरे, पण त्याची जागा प्रकाशकाच्या गाजावाजाने घेतलेली असते, तेव्हा काळजी तीच.

या नियमांत पहिल्या पुस्तकाला सूट द्यावी का, याचे उत्तर नाही. मी सूट देत नाही, कारण वाचक नवोदिताच्या पुस्तकालाही पूर्ण किंमत आणि पूर्ण वेळ देतो. ही पहिली कादंबरी आहे, हे परीक्षणात एकदाच, माहिती म्हणून येते. ‘आश्वासक पदार्पण’ आणि ‘पुढील लेखनाकडून अपेक्षा वाढल्या आहेत’ या दोन वाक्यांनी आपल्याकडची कितीतरी परीक्षणे संपतात. दोन्ही वाक्ये न लिहिलेल्या पुस्तकाचे कौतुक करतात, आणि लिहिलेल्या पुस्तकाविषयी काहीच सांगत नाहीत. ‘असमान’ हा शब्दही मी शक्यतो वापरत नाही. कुठले भाग वर जातात आणि कुठले खाली, हे सांगितले तर त्याची गरज पडत नाही.

अपडाइक यांच्यासमोर बहुधा न आलेला एक प्रश्न वर्तमानपत्रात रोज येतो. जाहिरात आली की मजकूर कापला जातो, तोही तळापासून. दोष आधी आणि गुण नंतर अशी मांडणी असेल तर शेवटचा परिच्छेद गेल्यावर पुस्तकाचा निकालच बदलतो, आणि मथळा देणारा उपसंपादक उरलेल्या मजकुरावरूनच मथळा देतो. म्हणून दोन अवतरणे आणि त्यांच्यातला फरक मी मध्यावर ठेवतो, वडिलांच्या भागाची ताकद आणि इतिहासकाराच्या भागाची उणीव एकाच परिच्छेदात आणतो, आणि शेवटच्या परिच्छेदात मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, पुस्तकाची बांधणी अशा गोष्टी लिहितो. या कादंबरीच्या परीक्षणातून छपाईपूर्वी पंचेचाळीस शब्द गेले. ते सगळे मुखपृष्ठाविषयीचे होते.