दुपारी 2 ते 3 ची स्पोकन इंग्लिश बॅच : कोर्स संपल्यावर दोन महिन्यांनी

'गृहिणी व नोकरी शोधणाऱ्यांसाठी स्पोकन इंग्लिश. दुपारी 2 ते 3, तीन महिने, फी 4500 रुपये, डेमो क्लास मोफत.' व्हॉट्सॲपवर ही जाहिरात आली आणि मी नाव घातलं.

वेळ सोयीची होती. मुलगा साडेतीनला शाळेतून येतो, त्याआधी मी घरी पोचायचे. फी दोन हप्त्यांत घेतली. पुस्तकांचे 400 रुपये वेगळे आहेत हे मात्र पैसे भरतानाच कळलं.

डेमोला आम्ही सहाजणी होतो, प्रत्येकीला भरपूर बोलायला मिळालं. प्रत्यक्ष बॅच निघाली अठरा जणांची. वीस मिनिटं मॅडम शिकवणार, उरलेली चाळीस अठरा जणांत वाटली की वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. पहिला महिना माझी वही भरली, तोंड उघडलंच नाही. शेवटी आम्ही काहीजणींनी मॅडमना तसं सांगितलं. मग त्यांनी तिघा-तिघांचे गट करून रोज पंधरा मिनिटं आपसांत बोलायला लावलं. खरी सुरुवात तिथून झाली. तुम्ही डेमोला जाल तेव्हा बॅचमध्ये किती जण असतील, हे आधी विचारा.

मॅडमची सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आपल्या मराठीमुळे होणाऱ्या चुका त्यांनी नेमक्या पकडल्या. मी कायम म्हणायचे, 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू द बँक.' आपण 'काल बँकेत गेले होते' म्हणतो, त्या 'होते'चं मी 'हॅड' करायचे. साधं 'आय वेन्ट' पुरतं. एका जुन्या गोष्टीच्याही आधी दुसरी घडली असेल तरच 'हॅड गॉन', हे त्यांनी फळ्यावर दोन घटना मागेपुढे लिहून दाखवलं. प्रश्नाचंही तसंच. 'तू कुठे जातेस' मध्ये शब्द जागचे हलत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्या 'व्हेअर यू आर गोइंग' म्हणायचो. पंधरा दिवस रोज दहा प्रश्न एकमेकींना विचारले, तेव्हा 'आर' आपोआप पुढे यायला लागलं.

गृहिणी आणि नोकरी शोधणारे एकत्र बसवणं मात्र मला पटलं नाही. माझ्या शेजारच्या बी.कॉम. झालेल्या मुलीला मुलाखतीत स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगायची तयारी हवी होती, मला शाळेतल्या पालकसभेची. तिला मुलाखतीचा सराव मिळाला तो शेवटच्या आठवड्यात, अवघा दोनदा.

माझं काम झालं. गेल्या पालकसभेत बाईंनी विचारलं, 'व्हाय वॉज ही ॲबसेंट ऑन मंडे?' मी म्हटलं, 'ही हॅड फीव्हर. आय सेंट अ मेसेज इन द मॉर्निंग.' वाक्य आधी मनात मराठीत जुळवावं लागलं नाही. फोनवर मात्र अजून अडखळते, कारण समोरचा भरभर बोलला की शब्द सुटतात. ऐकण्याचा सराव या कोर्समध्ये नव्हताच.