चार्जिंग होते, पण संगणकाला फोन दिसत नाही: एका डेटा केबलच्या काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बांधकामाच्या जागेवर काढलेले फोटो रोज संध्याकाळी कार्यालयातील संगणकावर उतरवणे हा माझ्या कामाचा भाग आहे. नागपुरात शहराच्या कडेला जिथे आमची कामे चालतात, तिथे मोबाइलचे नेटवर्क शेकडो फोटो वर पाठवण्याइतके भरवशाचे नसते. त्यामुळे केबल हाच आमचा मुख्य मार्ग आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर सीताबर्डीच्या बाजारातून मी एक मीटर लांबीची, विणलेल्या आवरणाची केबल घेतली. तिचे एक टोक संगणकाच्या नेहमीच्या चौकोनी यूएसबी खाचेत बसते आणि दुसरे सी-प्रकारचे टोक फोनमध्ये जाते. मे महिन्याची धूळ आणि त्यानंतरचा पावसाळा असे दोन्ही या केबलने पाहिले आहेत. हा अनुभव तिच्याविषयी आहेच, पण फोन संगणकाला न दिसण्याची कारणे तिच्यामुळे मला एकेक करून वेगळी ओळखता आली, त्यांविषयीही आहे.

केबल घेण्याचे कारण आधी सांगतो. त्यापूर्वीची केबल दुकानदाराने डेटा केबल म्हणून दिली होती आणि तिने फोन उत्तम चार्ज होत असे, पण संगणकावर काहीच उमटत नसे. ती निकामी ठरल्यावर मी तिचे आवरण ब्लेडने उभे चिरले. आत लाल आणि काळी अशा दोनच तारा होत्या. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा लागतात. लाल आणि काळ्या तारेतून वीज जाते, तर हिरव्या आणि पांढऱ्या तारेतून माहितीची देवाणघेवाण होते. रंग प्रत्येक उत्पादक पाळेलच असे नाही, पण चार तारांची गरज मात्र टळत नाही. माहितीच्या दोन तारा गाळल्या की केबल स्वस्त पडते आणि चार्जिंगमध्ये काहीच कमी जाणवत नाही, म्हणून ग्राहकाला संशय येत नाही. केबलच्या वेष्टनावर छापलेला वॅटचा आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण तो फक्त विजेविषयी बोलतो. ६५ वॅट लिहिलेली केबल माहिती नेईलच असे त्यावरून ठरत नाही, आणि नेली तरी किती वेगाने नेईल हेही कळत नाही.

नवी केबल घेताना म्हणून मी दुकानातल्याच संगणकाला माझा फोन जोडून पाहिला. माहितीच्या तारा जोडल्या गेल्या की अँड्रॉइड फोनच्या सूचनापट्टीत Charging this device via USB अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्यावर बोट ठेवल्यास पुढचे पर्याय उघडतात. शब्द कंपनीनुसार थोडे बदलतात. केवळ चार्जिंगच्या केबलवर फोनला समोर संगणक आहे हे कळतच नाही, त्यामुळे बॅटरीचे चिन्ह बदलते, पण ही ओळ येत नाही. माझ्या मते सगळ्या तपासणीत याहून उपयुक्त खूण दुसरी नाही. ओळ आलीच नाही, तर दोष केबलमध्ये, फोनच्या खाचेत किंवा संगणकाच्या खाचेत शोधावा. ओळ आली आणि तरीही संगणकावर फोटो दिसत नाहीत, तर केबल बदलण्यात वेळ घालवू नये, कारण प्रश्न जोडणीच्या प्रकाराचा असतो.

पावसाळ्यात आमच्या कार्यालयातील कनिष्ठ अभियंत्याच्या फोनवर नेमकी पहिली अडचण आली. तो म्हणाला, “सर, चार्जिंग तर होऊन राहिली ना, मग केबल चांगलीच आहे.” केबल खरोखरच चांगली होती, कारण तिच्यावर माझा फोन लगेच दिसत होता. तरीही चार्जिंग होते यावरून ते सिद्ध होत नव्हते. त्याच्या फोनवर सूचना येत नव्हती, संगणकाची मागची खाच बदलूनही येत नव्हती. मग मी फोनकडचे टोक काढून उलटे करून लावले आणि संगणकाने फोन जोडला गेल्याचा आवाज दिला. पुन्हा सुलटे लावल्यावर फोन परत नाहीसा झाला.

सी-प्रकारचे टोक दोन्ही बाजूंनी बसते, म्हणून दोन्ही बाजू एकसारख्या असतील असे आपण गृहीत धरतो. फोनच्या खाचेत मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्या दोन्ही अंगांवर मिळून २४ संपर्कपट्ट्या असतात. विजेच्या पट्ट्या दोन्ही अंगांवर आहेत आणि त्या केबलच्या टोकाशी एकाच वेळी जुळतात, त्यामुळे एखादी मळली तरी बाकीच्या काम करत राहतात. यूएसबी २.० च्या माहितीच्या दोन पट्ट्या मात्र केबलच्या टोकात एकाच अंगाला असतात. म्हणून टोक एका प्रकारे लावले तर जिभेच्या वरच्या अंगावरील जोडी वापरली जाते आणि उलटे लावले तर खालच्या अंगावरील. एका बाजूने फोन दिसतो आणि दुसऱ्या बाजूने दिसत नाही, याचा अर्थ केबल आणि सेटिंग दोन्ही ठीक आहेत आणि खाचेच्या एका अंगावर मळ आहे किंवा ती बाजू झिजली आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे. विजेच्या आणि अर्थिंगच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या लांब ठेवलेल्या असतात, कारण टोक आत जाताना वीज आधी जुळावी अशी रचना आहे. खाचेच्या तळाशी कचरा दबून बसला आणि टोक किंचित बाहेर राहिले, तर वीज जुळलेली आणि माहिती तुटलेली अशी स्थिती होऊ शकते.

त्याच्या फोनमध्ये हेच दोन्ही दिसले. टोक पूर्ण बसले की बोटाला जी हलकी टक् जाणवते, ती जाणवत नव्हती, आणि टोकाच्या धातूची नखाच्या जाडीइतकी पट्टी बाहेर राहत होती. विजेरीच्या प्रकाशात खाचेत पाहिले, तेव्हा तळाशी राखाडी रंगाचा थर होता. खिशातल्या सुती कापडाचे तंतू आणि सिमेंटची धूळ टोक रोज आत ढकलते आणि महिनोन्‌महिने दाबत राहते, त्यामुळे तो थर नमद्यासारखा घट्ट होतो. वरून फुंकर मारून तो निघत नाही, आणि फुंकरीतून ओलावा आत जातो, म्हणून फुंकर मारूच नये.

फोन बंद करून आम्ही एक लाकडी दातकोरणी घेतली आणि तिचे टोक ब्लेडने दोन्ही बाजूंनी तासून चपटे केले, कारण जीभ आणि खाचेची भिंत यांच्यामध्ये न तासलेली दातकोरणी जात नाही. काडी मधल्या जिभेवर न घासता बाहेरच्या भिंतीला लागून तळापर्यंत नेली आणि कोपऱ्यातून बाहेर ओढली. पहिल्या दोन ओढींत काही आले नाही. तिसऱ्या वेळी तंतूंची एक चपटी चकती अख्खी बाहेर आली. टाचणी किंवा सुई येथे वापरू नये. पट्ट्यांमधले अंतर इतके कमी आहे की धातूचे टोक एखादी पट्टी उचकटू शकते, आणि तसे झाले तर दुरुस्ती म्हणजे खाचच बदलणे. शेवटी कॅमेऱ्याची काच साफ करण्याच्या रबरी फुग्याने हवा मारली. त्यानंतर टोक टक् करून बसले आणि दोन्ही बाजूंनी सूचना येऊ लागली. सफाईनंतरही एकच बाजू चालली असती, तर ते झिजेचे लक्षण मानून मी फोन दुरुस्तीला पाठवायला सांगितले असते.

सूचना आली, तरी संगणकाच्या This PC मध्ये फोनचे चिन्ह उघडल्यावर आत काहीच नव्हते. हे दुसऱ्या प्रकारचे कारण होते आणि ते सोडवायला क्षणभर पुरतो. अँड्रॉइड ६.० पासून फोन केबल लावल्यावर आपणहून फक्त चार्जिंगच्या स्थितीत राहतो, म्हणजे अनोळखी संगणकाला फाइल परस्पर दिसू नयेत. फोनचे कुलूप उघडून त्या सूचनेवर बोट ठेवावे आणि File transfer / Android Auto निवडावे. PTP निवडल्यास फक्त फोटो आणि व्हिडिओ दिसतात, बाकीचे फोल्डर दिसत नाहीत. हीच निवड रोज करावी लागू नये म्हणून Developer options मध्ये Default USB configuration ही सोय आहे. ते दालन उघडण्यासाठी About phone मधील Build number वर सात वेळा बोट मारावे लागते. ही सोय मी स्वतःच्या फोनवर लावली आहे, पण ज्यांना बाहेरच्या संगणकांना फोन जोडावा लागतो, त्यांनी ती लावू नये असे माझे मत आहे.

फोनवर File transfer निवडलेले आहे आणि तरी फोल्डर दिसत नाहीत, असे क्वचित होते. अशा वेळी विंडोजने फोन ओळखला का, हे पॉवरशेलमध्ये पुढील आज्ञेने पाहता येते.

```
Get-PnpDevice -PresentOnly -Class WPD
```

यादीत पेन ड्राइव्हही येऊ शकतो, म्हणून फोनचे नाव नीट पाहावे. नाव असेल आणि Status खाली OK असेल, तर केबलपर्यंतचे सगळे जुळलेले आहे. त्याऐवजी Device Manager मध्ये Unknown USB Device (Device Descriptor Request Failed) असे दिसले, तर संगणकाला पलीकडे काहीतरी आहे एवढे कळले आहे, पण बोलणे पूर्ण झालेले नाही. माझ्या पाहण्यात हे बहुधा अर्धवट तुटलेल्या केबलमुळे किंवा संगणकाच्या पुढच्या ढिल्या खाचेमुळे होते. डेस्कटॉपच्या पुढच्या खाचा आतून वेगळ्या तारेने मदरबोर्डला जोडलेल्या असतात, म्हणून तपासणी नेहमी मागच्या खाचेवर करावी.

आता केबलविषयी. ती यूएसबी २.० ची आहे, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात मोठ्या व्हिडिओ फाइलवर सेकंदाला ३० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो आणि लहान फोटोंचा ढीग असेल तर त्याहून कमी. आमच्या फोटोंना एवढे पुरते, पण ज्यांना रोज लांबलचक व्हिडिओ उतरवायचे आहेत आणि ज्यांच्या फोनची खाचही वेगवान आहे, त्यांनी यूएसबी ३ ची केबल घ्यावी. हिची विणलेली जाळी संगणकाकडच्या टोकाजवळ उसवू लागली आहे, कारण तिथेच केबल रोज वाकते. फोनकडचे टोक मात्र अजून घट्ट बसते आणि फोटो उतरत असताना केबल हलवली तरी जोडणी तुटत नाही. जोडणी तुटू लागेल, त्या दिवशी ती बदलेन आणि नवी घेताना पुन्हा दुकानातच फोनवर ती सूचना आलेली पाहून मग पैसे देईन.